गरोदरपणातील जांघेची कळ, कटिसांध्यांचे दुखणे आणि हाताच्या मुंग्या : सोलापुरातील बैठे काम करणाऱ्या स्त्रियांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सोलापुरात भौतिकोपचाराचे काम करते. माझ्याकडे येणाऱ्या गरोदर स्त्रियांपैकी बऱ्याच जणी विडी घरकुल, कुंभारी आणि अक्कलकोट रस्त्याच्या आसपासच्या वस्त्यांतून येतात. कोणी विड्या वळते, तर कोणी शाळेच्या गणवेशांची शिलाई करते. दिवसाचे सहा-सात तास जमिनीवर किंवा मशीनपुढे बसून हातांनी काम करणाऱ्या या स्त्रियांना तीन वेगवेगळी दुखणी एकाच वेळी होतात, आणि त्या तिन्हींना मिळून ‘कंबर धरली’ असे म्हटले जाते. ती वेगळी ओळखता आली, तर प्रत्येक दुखण्याला लागणारा आधारही वेगळा असल्याचे लक्षात येते. पुढील प्रश्न याच स्त्रियांनी आणि त्यांच्या सासवा-आयांनी विचारलेले आहेत.

शिंक आली की जांघेत सुरी खुपसल्यासारखी कळ येते. बाळाला काही होत आहे का?

बहुतेक वेळा नाही. गर्भाशयाच्या दोन्ही वरच्या कोपऱ्यांपासून एकेक दोरीसारखा बंध निघतो, तो जांघेतून खाली उतरतो आणि योनीच्या बाहेरील ओठांच्या मांसल भागात जाऊन संपतो. त्याला राउंड लिगामेंट म्हणतात. गर्भाशय वाढते तसा हा बंध लांबतो आणि जाडही होतो. एरवी तो हळूहळू ताणला जातो, परंतु शिंक, खोकला, हसू किंवा अंथरुणात झटक्याने कूस बदलणे यांमुळे त्याला अचानक हिसका बसतो. त्या हिसक्याची कळ काही सेकंद टिकते आणि बसल्याजागी थांबल्यावर ओसरते. साधारणपणे चौथ्या ते सातव्या महिन्यात ती जास्त जाणवते. उजव्या बाजूला ती अधिक वेळा येते, कारण वाढणारे गर्भाशय बहुधा थोडे उजवीकडे वळलेले असते.

विड्या वळणाऱ्या स्त्रियांमध्ये ही कळ वारंवार दिसण्यामागे एक साधे कारण आहे. तंबाखूच्या भुकटीने शिंका येतात. माझ्याकडे आलेली एक बाई दिवसात तीस-चाळीस वेळा शिंकत असे, आणि प्रत्येक शिंकेला ती आपोआप मागे ताठ होत असे, म्हणजे बंध आधीच ताणून मग त्यावर हिसका घेत असे. तिला इतकेच शिकवले की शिंक येणार असे वाटताच गुडघे पोटाकडे घ्यावेत, किंचित पुढे वाकावे आणि एक तळहात जांघेच्या वर हलकेच दाबून धरावा. उभी असल्यास कमरेतून आणि गुडघ्यांतून थोडे वाकावे. बंध सैल असताना बसलेला हिसका फारसा लागत नाही. तंबाखूच्या भुकटीचा त्रास यापुरता मर्यादित नाही. त्यातील निकोटिन त्वचेतून आणि श्वासातूनही शरीरात जाते, त्यामुळे गरोदरपणात हे काम शक्य तितके कमी करावे असेच माझे मत आहे. तथापि घरची चूल त्यावर पेटत असताना ‘बंद करा’ एवढेच सांगून मोकळे होणे मला बरोबर वाटत नाही. नाका-तोंडाला सुती फडके बांधणे, दारा-खिडकीजवळ बसणे आणि काम झाल्यावर हात धुऊन वरची साडी बदलणे, एवढे तरी होऊ शकते.

ही कळ साधी नाही हे कशावरून ओळखावे?

वेळेवरून आणि सोबतच्या लक्षणांवरून. बंधाची कळ हालचालीने येते आणि थांबल्यावर जाते. काही मिनिटे शांत पडूनही दुखणे टिकून राहिले, पोट ठरावीक अंतराने घट्ट होऊन सैल पडू लागले, रक्त किंवा पाणी जाऊ लागले, ताप आला, लघवीला जळजळ झाली, उलट्या सुरू झाल्या किंवा बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी झाली, तर ती बंधाची कळ समजून घरी थांबू नये. उजवीकडचे सतत वाढत जाणारे दुखणे अपेंडिक्सचेही असू शकते, आणि गरोदरपणात अपेंडिक्स वर सरकत असल्यामुळे ते नेहमीच्या जागी दुखेलच असे नाही. ३७ आठवड्यांपूर्वी नियमित कळा येणे ही मुदतपूर्व प्रसूतीची सुरुवात असू शकते. अशा वेळी १०८ किंवा गरोदर स्त्रियांसाठी असलेल्या १०२ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेला बोलवावे. रात्र आहे म्हणून सकाळची वाट पाहू नये.

पोट चोळून घेतल्याने बंध मोकळा होतो का?

नाही. पोट जोराने चोळू नये आणि कोणाकडून ‘बसवून’ही घेऊ नये. बंध खोल असतो, तिथपर्यंत बोट पोहोचत नाही, आणि गर्भाशयावरील दाब अनावश्यक धोका निर्माण करतो. कोमट पाण्याने अंघोळ किंवा जांघेवर पाच-दहा मिनिटे कोमट कापडाचा शेक, एवढे पुरेसे आहे.

माझे दुखणे कमरेत नसून कुल्ल्याच्या वर, माकडहाडाच्या बाजूला आहे, आणि पाय उचलला की समोरही दुखते. हे काय असते?

हे कटिसांध्यांचे दुखणे असण्याची शक्यता जास्त आहे. कमरेखालचे हाडांचे कडे तीन ठिकाणी जोडलेले असते. मागे माकडहाडाच्या वरच्या रुंद हाडाच्या दोन्ही बाजूंना एकेक सांधा असतो, आणि समोर ओटीपोटाच्या अगदी तळाशी दोन हाडांमध्ये कूर्चेचा एक सांधा असतो. गरोदरपणात या सांध्यांचे बंध थोडे सैल होतात, आणि पोटाचे वजन पुढे आल्यामुळे ज्या स्नायूंनी त्यांना घट्ट धरायचे त्यांचे काम कठीण होते. सैल करणाऱ्या संप्रेरकाला सगळा दोष देण्याची पद्धत आहे, पण रक्तातील त्याचे प्रमाण आणि दुखण्याची तीव्रता यांचा सरळ मेळ बसत नाही. भार कसा पडतो आणि स्नायू तो कसा पेलतात, यावर अधिक अवलंबून असते. साधारण पाच गरोदर स्त्रियांपैकी एकीला हा त्रास होतो, म्हणजे तो दुर्मीळ नाही, पण ‘सगळ्यांनाच होते, सोसावे’ असा सोडून देण्यासारखाही नाही.

ओळखण्याची खूण अशी की एका पायावर भार आला की ते दुखते. जिना चढताना, परकर घालण्यासाठी एक पाय उचलताना, अंथरुणात कूस बदलताना आणि रिक्षात चढताना ते उमटते. सरळ दोन्ही पायांवर उभे राहिल्यावर ते बहुधा सहन होते. पायाच्या पंजापर्यंत जाणारी वेदना, पायातील ताकद कमी होणे, दोन्ही मांड्यांमध्ये आतून बधिरता येणे किंवा लघवी अडणे ही मात्र या दुखण्याची लक्षणे नव्हेत. अशी लक्षणे दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

पट्टा बांधावा असे सांगितले होते, पण बांधून काहीच फरक पडला नाही. का?

बहुतेक वेळा पट्टा चुकीच्या उंचीवर बांधलेला असतो. परकराची नाडी जिथे बसते, तिथेच पट्टाही आवळला जातो, कारण हाताला ती जागा सवयीची असते. तिथे बांधलेला पट्टा पोटावर दाब देतो आणि कटिसांध्यांना काहीच आधार देत नाही. पूर्वी मी स्वतः बाईला नुसते ‘खाली बांधा’ असे सांगून पाठवत असे, आणि पुढच्या भेटीत पट्टा पुन्हा नाडीवरच चढलेला दिसे. आता मी तिचाच हात धरून जागा दाखवते. उभे राहून तळहात मांडीच्या बाहेरच्या बाजूला, खुब्याजवळ ठेवावा आणि टाच जमिनीवर टेकवूनच पाऊल आत-बाहेर फिरवावे. हाताखाली एक टणक हाड फिरताना जाणवते. पट्टा त्या हाडाच्या लगेच वरून, समोर ओटीपोटाच्या तळाच्या हाडावरून आणि मागे कुल्ल्याच्या वरच्या भागावरून जायला हवा. तो पोटाच्या पूर्ण खाली असतो.

पट्टा बाजारातूनच आणायला हवा असे नाही. सुती ओढणीची लांबट घडी घालून चार बोटे रुंदीचा पट्टा करावा, वर सांगितलेल्या जागी गुंडाळावा आणि बाजूला गाठ मारावी. गाठ मध्यावर आली तर बसताना बोचते. बांधल्यावर आत एक हात सपाट सरकवता यावा, त्याहून घट्ट नको. चालताना आणि उभ्याने काम करताना बांधावा, झोपताना सोडावा. सोलापूरच्या उन्हाळ्यात घामाने कातडी लाल होते, म्हणून ओढणीखाली पातळ सुती कापड असू द्यावे आणि रोज धुतलेली ओढणी घ्यावी.

माझ्यासाठी पट्टा उपयोगी पडेल की नाही, हे आधी कळू शकते का?

बऱ्याच अंशी कळते, आणि त्यासाठी मदतीला एक माणूस पुरतो. मिनिटभरासाठी पाठीवर पडावे, उजव्या कुशीखाली लहान उशी ठेवावी आणि गुडघा न वाकवता एक पाय जमिनीपासून वीतभर उचलावा. कितपत जड गेले ते लक्षात ठेवावे. मग सोबतच्या व्यक्तीने दोन्ही खुब्यांच्या बाजूंनी, मघाशी सापडलेल्या हाडाच्या वर, तळहातांनी आत दाबून धरावे आणि तोच पाय पुन्हा उचलावा. दाब दिल्यावर पाय स्पष्टपणे हलका झाला, तर पट्ट्याने फायदा होण्याची शक्यता चांगली आहे. काहीच फरक पडला नाही, तर पट्ट्यापेक्षा बसण्या-उठण्याच्या पद्धती बदलण्यावर भर द्यावा. दाबल्याने दुखणे वाढलेच, तर पट्टा बांधू नये. काही जणींना समोरच्या सांध्यावर दाब सहन होत नाही. पाठीवर पडून गरगरले, तर लगेच डाव्या कुशीवर वळावे.

मांडी घालून बसणे बंद करावे का? कामच तसे आहे.

मांडी घालणे मुळात वाईट नाही. त्रास होतो तो तासन्तास न हलता, एका कुल्ल्यावर कललेले राहून आणि सूप मांडीवर घेऊन पुढे वाकल्यामुळे. समोरचा सांधा दुखत असेल तर गुडघे जितके फाकवावेत तितके तो जास्त दुखतो, त्यामुळे अशा बाईला मांडी त्रासाची ठरते. बसण्याची जागा वर उचलणे हा सर्वात स्वस्त उपाय आहे. आपल्याकडे सोलापुरी चादर प्रत्येक घरात असते. दोन जाड चादरींची घडी करून त्यावर बसावे. गुडघे खुब्यांच्या पातळीपेक्षा खाली आले, की कमर आपोआप ताठ होते. पाठ भिंतीला टेकवावी आणि कमरेच्या पोकळीत टॉवेलची गुंडाळी ठेवावी. सूप मांडीवर न घेता समोर चौरंगावर किंवा उलट्या ठेवलेल्या पाटीवर ठेवावे. शिलाई करणाऱ्या स्त्रियांनी दोन्ही पावले टेकतील अशी खुर्ची घ्यावी. पायमशीन असेल तर एका पायाने मारू नये, दोन्ही पावलांनी मारावे.

उठताना मात्र थोडा वेळ लागू द्यावा. आधी दोन्ही गुडघे एकत्र एका बाजूला घ्यावेत, दोन्ही हात टेकून गुडघ्यांवर यावे, पुढे खुर्ची किंवा खाटेची कड धरावी, कमी दुखणारा पाय पुढे टेकवावा आणि हातांवर भार देत उठावे. दर अर्ध्या तासाने असे एकदा उठून दोन मिनिटे चालावे. एका दमात तीन तास बसून मग आराम करण्यापेक्षा याने जास्त फायदा होतो.

रात्री कूस बदलताना जीव जातो. काय करावे?

गुडघे एकमेकांपासून दूर ठेवून वळल्यावर कटिसांधे पिळले जातात. वळण्यापूर्वी दोन्ही गुडघे वाकवावेत, त्यांच्यामध्ये उशी धरून आवळावी आणि खांदे व गुडघे एकाच वेळी फिरवावेत. उशी गुडघ्यांपुरतीच असली तर घोटा खाली लोंबतो आणि खुबा पिळतो, म्हणून चादरीची लांब गुंडाळी गुडघ्यापासून घोट्यापर्यंत ठेवावी. एक पातळ घडी पोटाखाली सरकवावी. यामुळे राउंड लिगामेंटवरचा ताणही कमी होतो. जाड सुती चादरीवर अंग घासून अडकते, त्यासाठी कमरेखाली गुळगुळीत कापडाचा तुकडा घालावा, जुन्या सिल्कच्या साडीचा असला तरी चालतो.

हीच गोष्ट रिक्षाची. आधी पाठमोरे होऊन बसावे, मग दोन्ही पाय एकत्र आत घ्यावेत. साडी नेसून स्कूटरवर एका बाजूला पाय सोडून बसणे या दुखण्यात फार वाईट, कारण कटी पिळलेल्या अवस्थेतच प्रत्येक खड्ड्याचा हादरा बसतो.

पहाटे हाताला मुंग्या येऊन जाग येते. हात झटकला की बरे वाटते. हे रक्ताच्या कमतरतेने होते का?

झटकल्याने बरे वाटणे हीच याची मोठी खूण आहे, आणि हे कार्पल टनेलचे लक्षण आहे. मनगटाच्या तळहाताकडील बाजूस आठ लहान हाडांची कमान आणि तिच्यावर ताणलेली चिवट पट्टी असते. त्या अरुंद बोगद्यातून बोटे वळवणाऱ्या नऊ दोऱ्या आणि एक नस जाते. गरोदरपणात शरीरात पाणी साठते, बोगद्यातील जागा कमी होते आणि नस दबते. मनगट वाकले की दाब आणखी वाढतो. झोपेत आपण मनगट मुडपून हात गालाखाली घेतो, म्हणून त्रास पहाटे होतो. विडी वळताना किंवा कात्रीने तेंदूची पाने कापताना चिमूट आणि वाकलेले मनगट दोन्ही एकत्र येतात, त्यामुळे दिवसाही नसेला विसावा मिळत नाही.

कोणती बोटे बधिर होतात ते नीट पाहावे. अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची मधल्या बोटाकडील बाजू बधिर होत असेल आणि करंगळी शाबूत असेल, तर ती मनगटातील नस. करंगळी बधिर होत असेल तर कोपराजवळची वेगळी नस दबत असते, आणि कोपर टेकून बसण्याची सवय सोडावी लागते. अंगठ्याच्या मुळाशी दुखते पण मुंग्या नाहीत, असे असेल तर तो तिथल्या दोऱ्यांचा दाह असतो. दोन्ही पावलांनाही मुंग्या येत असतील, तर व्हिटॅमिन बी-१२ तपासून घ्यावे. अॅनिमिया असेल तर त्यावर उपचार हवेच, पण एका हाताच्या तीन-साडेतीन बोटांच्या मुंग्यांचे कारण तो नसतो. थायरॉइड कमी असणे आणि मधुमेह यांच्यासोबत मात्र कार्पल टनेल जास्त आढळतो, म्हणून त्या तपासण्या झाल्या आहेत की नाही हे पाहावे.

हातासाठी घरच्या घरी आधार कसा करावा?

उद्देश एकच, मनगट सरळ ठेवणे. हाताचा पंजा आणि पुढचा हात एका रेषेत असताना बोगद्यातील दाब सर्वात कमी असतो. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या अनेक मनगटपट्ट्यांमधील धातूची पट्टी मनगट मागे वाकवून ठेवते. असा पट्टा आणला तर पट्टी बाहेर काढून हाताने सरळ करावी आणि परत घालावी, हे दुकानदार सहसा सांगत नाहीत. घरी करायचे असल्यास जाड पुठ्ठ्याची तीन बोटे रुंद आणि वीतभर लांब पट्टी घ्यावी, ती रुमालवजा टॉवेलमध्ये गुंडाळावी, तळहाताच्या मध्यापासून पुढच्या हाताच्या मध्यापर्यंत आतल्या बाजूने ठेवावी आणि वरून कापडी पट्टी सैलसर गुंडाळावी. अंगठा मोकळा राहावा आणि बोटांची मूठ वळता यावी. नखे निळसर पडली, बोटे थंड वाटली किंवा सकाळी खोल वळ उमटले, तर बांधणी घट्ट झाली आहे. रोज रात्री बांधून दोन-तीन आठवडे पाहावे. पहिल्या रात्री अवघडल्यासारखे होऊन काही जणी सोडून देतात.

यात एक आपली अडचण येते. डोहाळजेवणाला हिरवा चुडा भरलेला असतो, आणि काचेच्या बांगड्यांवर पट्टा बांधता येत नाही. सुजलेल्या हातातून बांगडी ओढणे धोक्याचे असते, म्हणून चुडा भरतानाच एक माप मोठे घ्यावे, म्हणजे तो रात्री वर सरकवता येतो. अंगठ्या सातव्या महिन्यातच काढून ठेवाव्यात.

हात सुजले आहेत म्हणून मीठ बंद करावे का किंवा पाणी काढणारी गोळी घ्यावी का?

दोन्ही नको. परंतु चेहरा आणि हात अचानक सुजले, डोके सतत दुखू लागले, डोळ्यांपुढे काजवे चमकले किंवा बरगड्यांखाली दुखू लागले, तर त्याच दिवशी रक्तदाब मोजावा. १४०/९० किंवा त्याहून जास्त आल्यास थेट रुग्णालयात जावे. ते प्रसूतीपूर्व रक्तदाबाचे गंभीर दुखणे असू शकते, आणि तिथे मनगटाला पट्टा बांधून काही होत नाही. एकाएकी हात लुळा पडणे किंवा तोंड वाकडे होणे यालाही मुंग्या समजू नये.

दुखण्यासाठी गोळी चालते का?

पॅरासिटामॉल डॉक्टरांना विचारून, त्यांनी सांगितलेल्या प्रमाणात आणि कमीत कमी दिवस चालते. दुकानातून ‘अंगदुखीची गोळी’ मागितल्यावर मिळणाऱ्या अनेक गोळ्यांमध्ये पॅरासिटामॉलसोबत आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक किंवा अॅसिक्लोफिनॅक असते. विसाव्या आठवड्यानंतर अशा औषधांनी बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकते, आणि शेवटच्या तीन महिन्यांत बाळाच्या हृदयाजवळील एक रक्तवाहिनी वेळेआधी बंद होण्याचा धोका असतो. म्हणून पाकिटावरील नावे वाचून घ्यावीत.

तिन्ही त्रास एकाच वेळी असल्यास सुरुवात कुठून करावी?

एका बाईची हकिगत सांगते. कुंभारीहून आलेली, दुसऱ्या खेपेची, २९ वा आठवडा. ती रोज आठशे-नऊशे विड्या वळत असे. पाचव्या महिन्यापासून शिंकेला उजव्या जांघेत कळ, सातव्यापासून उजव्या कुल्ल्याच्या वर दुखणे, आणि दोन आठवड्यांपासून उजव्या हाताच्या मुंग्यांनी पहाटे तीनला जाग. तिचे म्हणणे होते, ‘उजवी बाजूच गेली माझी.’ सासूबाईंना अर्धांगवायूची भीती वाटत होती. हाताची ताकद, चेहरा, बोलणे, पायांची ताकद आणि रक्तदाब तपासल्यावर ती भीती दूर झाली. करंगळी पूर्ण शाबूत होती. खुबे दाबून धरल्यावर पाय स्पष्ट हलका झाला.

मी तिला पहिल्या आठवड्यात फक्त रात्रीच्या दोन गोष्टी दिल्या, मनगटाची पट्टी आणि पायांमधील चादरीची गुंडाळी. झोप मोडलेल्या बाईला दिवसाचे दहा बदल सांगून ती एकही करत नाही. दुसऱ्या आठवड्यात ओढणीचा पट्टा आणि चौरंगावर सूप आले. पाने कापण्याचे काम सासूबाईंनी स्वतःकडे घेतले, कारण कात्रीचा ताण अंगठ्यावर आणि मनगटावर सर्वात जास्त येतो. शिंकेची पद्धत तर ती पहिल्याच दिवशी शिकली. तीन आठवड्यांनी पहाटेची जाग रोजच्याऐवजी आठवड्यातून दोनदा येऊ लागली. कुल्ल्याचे दुखणे गेले नाही, पण पाण्याची घागर घेऊन जिना चढण्याचे काम नवऱ्याने उचलल्यावर ते सोसण्याइतके राहिले. पट्टा बांधूनही घागर उचललेल्या दिवशी ते दुप्पट होत असे.

प्रसूतीच्या वेळी काय सांगून ठेवावे?

समोरचा सांधा दुखत असेल तर खाटेच्या कडेवर बसून दुखणे सुरू होईपर्यंत गुडघे फाकवावेत आणि दोन गुडघ्यांमधील अंतर टेपने मोजावे. तो आकडा माता-बाल संरक्षण कार्डावर लिहून घ्यावा आणि दाखल होताना नर्सला दाखवावा. गरज नसताना पाय त्याहून जास्त फाकवू नयेत, पाय प्रसूतीच्या खाटेच्या पाय-आधारांवर घ्यायचे झाल्यास दोन्ही एकत्र उचलावेत, आणि शक्य असेल तर कुशीवर किंवा गुडघे-हात टेकून कळा द्याव्यात, अशी विनंती करता येते. केवळ या दुखण्यासाठी सिझेरियनची गरज सहसा पडत नाही. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात होणाऱ्या गरोदर मातांच्या तपासणीत हे सांगून ठेवता येते.

बाळंतपणानंतर हे आपोआप जाते का?

राउंड लिगामेंटची कळ थांबते. कटिसांध्यांचे दुखणे बहुतेकींचे काही आठवड्यांत ते काही महिन्यांत ओसरते, मात्र तीन महिन्यांनंतरही चालताना दुखत असेल तर तपासणी आणि स्नायूंचे व्यायाम हवेत. बाळंतिणीला खाटेवरून उठू न देता चाळीस दिवस बसवून ठेवल्याने हे स्नायू आणखी ढिले पडतात. हाताच्या मुंग्याही पाणी उतरल्यावर बऱ्याच कमी होतात, पण ज्यांना त्या गरोदरपणात लवकर सुरू झाल्या त्यांना जास्त काळ राहू शकतात. अंगठ्याच्या मुळाचा मांसल भाग सपाट दिसू लागला, सुई किंवा बटण हातातून निसटू लागले किंवा बधिरता दिवसभर राहिली, तर नस तपासून घ्यावी. गरोदरपणातही गरज पडल्यास डॉक्टर मनगटात इंजेक्शन देतात. शस्त्रक्रिया क्वचितच लागते.

दूध पाजताना बाळाचे डोके तळहाताने उचलून धरल्यास मनगट पुन्हा वाकते. कुंभारीच्या त्या बाईला बाळ पाच आठवड्यांचे झाले तेव्हा मुंग्या परत आल्या होत्या. बाळाचे डोके पंजावर न घेता कोपराच्या खोबणीत घ्यायला आणि त्याखाली चादरीची घडी ठेवायला सांगितले, रात्रीची पट्टी पुन्हा सुरू केली, आणि दोन आठवड्यांनी फोनवर सासूबाईच म्हणाल्या की आता तिला रात्री मुंग्या उठवत नाहीत, बाळ उठवते.